अनुभव धागा : ‘बदलून देतो’ म्हणणारे उपचार

मृदगंधा
माझ्या धाकट्या भावाने दिवाळीत घरी सांगितलं की तो गे आहे. आईबाबांनी आता एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सहा महिन्यांत ‘नॉर्मल’ करतो म्हणतात ते. भाऊ स्वतःही जायला तयार आहे आणि मी तिथेच अडकते. त्यालाच बदलायचं असेल तर मी कोण अडवणारी? ज्यांनी हे भोगलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

रानवाटा
मीसुद्धा आपल्या पायांनी गेलो होतो, 2009 साली. मनगटावर पट्टी बांधायचे. समोर पुरुषाचा फोटो आला की झटका, बाईचा आला की काही नाही. घरी असताना ‘तसा’ विचार आला की हातातलं रबरबँड ओढून सोडायचं आणि वहीत नोंद करायची. बायकांबद्दल काडीचंही आकर्षण वाटायला लागलं नाही. झालं एवढंच, की लोकलमध्ये मित्राने सहज खांद्यावर हात टाकला तरी अंग आकसायचं, घाम फुटायचा. डॉक्टर म्हणाले, “तुझीच इच्छाशक्ती कमी पडतेय.” झटक्यांचा त्रास मागे पडला. या वाक्याने मात्र मी पुढची कित्येक वर्षं स्वतःला खात होतो. तुझा भाऊ तयार आहे म्हणतेस ना? तयार मीही होतो. घरात ताट वाढलं जात होतं पण कुणी बोलत नव्हतं, अशा घरात मी ‘हो’ म्हटलं होतं.

विश्वासराव
2018 ला कोर्टाने कलम 377 काढलं, म्हणजे असे उपचार आता गुन्हाच झाले. थेट पोलिसांत जा.

डॉ. सायली (मानसोपचार)
विश्वासराव, तसं नाही. त्या निकालाने संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा राहिले नाहीत. उपचारांविरुद्धचं पाऊल नंतर पडलं. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असे प्रयत्न थांबवायला सांगितलं आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या कौन्सिलांना कळवलं की हे व्यावसायिक गैरवर्तन धरा. म्हणजे डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

मृदगंधा, तुझा प्रश्न आमच्या क्षेत्रातही बरीच वर्षं रेंगाळला. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, पण ‘आपला कल वेगळा असता तर बरं’ असं वाटणाऱ्यांसाठी एक निदान ठेवलं. ‘पेशंटच मागतोय’ म्हणणाऱ्यांना तेवढा आधार पुरला. 2019 ला मंजूर झालेल्या नव्या यादीत तेही नाही. माणसाला होणारा त्रास खरा असतो, पण तो लग्नाच्या दबावातून, भीतीतून, ‘लोक काय म्हणतील’मधून येतो. उपचार त्या त्रासावर करायचे, कलावर नव्हे.

आणि ‘बदललो’ म्हणणाऱ्यांचं काय? अमेरिकेतले रॉबर्ट स्पिट्झर, ज्यांचा 1973 मध्ये समलैंगिकता आजारांतून काढण्यात मोठा वाटा होता, त्यांनीच 2003 मध्ये 200 जणांच्या फोनवरच्या मुलाखतींवरून लिहिलं की काही जण बदलू शकतात. पण आधार फक्त त्या लोकांच्या सांगण्याचा होता, आणि बरेच जण अशा उपचारांचा प्रचार करणाऱ्या गटांकडूनच आलेले. 2012 मध्ये स्पिट्झरनी तो निष्कर्ष मागे घेऊन जाहीर माफी मागितली. कुणी स्वतःला पटवतंय की खरंच बदललंय, हे नुसत्या विचारण्यातून कळत नाही.

पारिजात
माझ्या हॉस्टेलच्या रूममेटला घरच्यांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. ती दिवसभर झोपायची, वजन वाढलं, पाळी थांबली. घरी म्हणायचे, “बघ, किती शांत झाली.” तिला आवडणाऱ्या मुलीबद्दल बोलणं तिने बंद केलं होतं, म्हणून औषध लागू पडलं असं सगळ्यांनी धरलं. तिने मला एकदा विचारलं होतं, चौथ्या मजल्यावरून पडलं तर माणूस नक्की मरतो का. मी त्या रात्री झोपले नाही.

डॉ. सायली
रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी हे सगळं होऊ शकतं, पाळीसुद्धा थांबते. ती औषधं सायकोसिससाठी आहेत. कल त्यांनी हलत नाही, माणूस सुस्त होतो. आणि तिच्या प्रश्नाबद्दल : अमेरिकेत 245 तरुणांना विचारलेल्या एका अभ्यासात, ज्यांना बदलायचा प्रयत्न झाला नव्हता त्यांच्यापैकी 22 टक्क्यांनी कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. पालकांनी घरी प्रयत्न केलेल्यांत 48 टक्के, आणि शिवाय बाहेर थेरपिस्ट किंवा धर्मगुरूंकडेही नेलेल्यांत 63. या आकड्यांवरून कारण-परिणाम पक्का ठरत नाही, हेही सांगते, पण बहुतेक अभ्यास याच दिशेने बोट दाखवतात.

सुनंदा_कराड
माझी भाची केस बारीक ठेवते, क्रिकेट खेळते. आत्ताच दाखवून घ्यावं का?

रानवाटा
ताई, तिला खेळू द्या. दाखवण्यासारखं काही नाही.

मृदगंधा
भावाला हे सगळं वाचायला दिलं. तो म्हणाला, डॉक्टर नको, पण आई आता गावाकडच्या एका महाराजांचं नाव काढतेय. त्यांना मेडिकल कौन्सिल कसं लागू होणार?

डॉ. सायली
नाही होत. कौन्सिलचा हात नोंदणी असलेल्या डॉक्टरपर्यंतच पोचतो. मारहाण, डांबून ठेवणं, उपाशी ठेवणं झालं तर पोलीस, नाहीतर आज तरी घरच्यांनाच समजवावं लागतं. आईला एकटीला माझ्यासारख्या कुणाकडे घेऊन ये, भावाला नको. पेशंट तो नाहीच.