मदत हवी आहे: गेममधला माणूस चालतो कमी, घसरतो जास्त

कोरीकाडी: दोन आठवडे एकाच माणसाला चालवतेय. पहिलाच गेम आहे. पॅलेट मुद्दाम चार रंगांची ठेवलीय: काळा, अंगाचा रंग, लाल सदरा, निळी पँट. चार फ्रेम काढल्या. आसेप्राइटमध्ये बघितलं की मस्त चालतो, गेममध्ये टाकला की बर्फावर असल्यासारखा घसरतो. वर लंगडतोही. पाय तीनदा नव्याने काढून झाले. काय चुकतंय? पुढचं सगळं अडलंय.

रात्रपाळी: चार फ्रेममध्ये कुणी चालतं का? आठ कर, आपोआप सुटेल. मी कायम आठच करतो.

पिक्सेलपंत: पाय काढणं थांबवा आधी. स्प्राइट केवढं आहे? एक फ्रेम किती वेळ दिसते? कोडमध्ये वेग किती ठेवलाय? बाजूने दिसतो की वरून?

झूमवाला: टेक्स्चर फिल्टर Nearest केलाय का? माझंही सगळं धूसर दिसायचं, त्याने एका मिनिटात गेलं.

कोरीकाडी: @झूमवाला धूसर कुठे म्हटलं मी? @पिक्सेलपंत १६ रुंद, २४ उंच, बाजूने. फ्रेमला १२५ मिलिसेकंद. वेग सेकंदाला ६४ पिक्सेल.

पिक्सेलपंत: आता पहिल्या फ्रेममध्ये पुढे टेकलेल्या पायाची टाच कितव्या उभ्या रांगेत आहे ते मोजा. तोच पाय तिसऱ्या फ्रेममध्ये मागे गेलेला असेल, तेव्हाचीही मोजा.

कोरीकाडी: पहिल्यात ११, तिसऱ्यात ५.

पिक्सेलपंत: मग गोम तिथेच आहे. टेकलेला पाय दोन फ्रेममध्ये ६ पिक्सेल मागे जातो, म्हणजे फ्रेमला ३. पण १२५ मिलिसेकंदांत तुमचं कोड माणसाला ८ पिक्सेल पुढे ढकलतं. उरलेले ५ पिक्सेल पाय जमिनीवरून फरफटतो. आसेप्राइटमध्ये माणूस जागच्या जागी चालतो, त्यामुळे ते तिथे कळणारच नाही.

या चित्राला २४ चा वेग जुळेल, पण तो रटाळ वाटेल. म्हणून पाऊल लांब करा. टेकलेली टाच पहिल्या फ्रेमला १२ वर, दुसऱ्याला ८ वर, तिसऱ्याला ४ वर. फ्रेम ८३ मिलिसेकंदांची आणि वेग ४८. पाय जमिनीला चिकटेल.

रात्रपाळी: आठ फ्रेम केल्या असत्या तर हा हिशोबच लागला नसता.

पिक्सेलपंत: उलट बिघडलं असतं. तेच ६ पिक्सेल चार फ्रेममध्ये वाटले की फ्रेमला दीडच येतो. फ्रेमचा वेळ निम्मा केला नाही तर घसरणं आणखी वाढतं. वेळ निम्मा केलात तर चाल मऊ दिसेल, घसरणं मात्र तेवढंच राहील.

रंगारी२४: लंगडण्याचं कारण रंग. दोन्ही पाय निळे, म्हणून पहिली आणि तिसरी फ्रेम सारखीच दिसते. पाचवा रंग घे, गडद निळा, आणि पलीकडचा पाय त्यात रंगव.

कोरीकाडी: पाचवा रंग घ्यायचा नाही. वर लिहिलंय.

रंगारी२४: हट्ट कशाला? जुन्या गेम बॉयलाच काय ते चार होते.

पिक्सेलपंत: चार छटा पडद्याला. स्प्राइटला त्यातल्या तीनच, कारण एक जागा पारदर्शक असायची. त्यातही लोकांनी पाय वेगळे दाखवले. पलीकडचा पाय सगळ्या फ्रेममध्ये पूर्ण काळा भरा, कडेचाच रंग वापरून. पाय ओळखू येतील, तेवढं रंगारींचं बरोबर आहे. पण दोन पाय सारखे दिसले तर माणूस एकाच पायाने खुरडल्यासारखा वाटतो, लंगडत नाही. चारही फ्रेममध्ये डोक्याचा सगळ्यात वरचा पिक्सेल वरून कितव्या ओळीत आहे?

कोरीकाडी: ३, २, २, २.

पिक्सेलपंत: हेच लंगडणं. डोकं एकाच पावलाला खाली येतंय. दोन्ही पाय फाकलेले असतात तेव्हा अंग खाली, एक पाय दुसऱ्याजवळून जातो तेव्हा वर. ३, २, ३, २ करा. तिसऱ्या फ्रेममध्ये डोकं आणि धड दोन्ही एक पिक्सेल खाली सरकवा, नुसतं डोकं नको, नाहीतर मान आखडेल.

झूमवाला: माझ्या गेममध्ये तर शत्रूला पायच नाहीत, तरंगतो. हा सगळा व्याप वाचला.

कोरीकाडी: केलं! घसरत नाही, लंगडतही नाही. पण उभा असताना बटण दाबलं की वेग हळूहळू ४८ वर जातो, तेवढ्यात पाय जागेवरच भराभर फिरतात.

पिक्सेलपंत: ॲनिमेशनचा वेग चालण्याच्या वेगाला बांधा. गोडो असेल तर:

```
$AnimatedSprite2D.speed_scale = abs(velocity.x) / 48.0
```

कोरीकाडी: गोडोच आहे, जमलं. आता नवीनच: गुहेची पार्श्वभूमी काळी आहे, तिथे पलीकडचा पाय दिसतच नाही. एकपायी वाटतो.

रंगारी२४: म्हणून म्हणत होतो, पाचवा रंग.

पिक्सेलपंत: गुहेची पार्श्वभूमी निळी करून बघा, कडा काळ्या ठेवा.

कोरीकाडी: मग अलीकडचा निळा पाय गायब होतो :(

रात्रपाळी: पँट लाल कर आणि सदरा निळा.

रंगारी२४: मग सदरा गायब.