आरजी-५८ वायर डिशला चालेल का?

> "घरात वायरलेसची आरजी-५८ वायर २० मीटर पडून आहे. ५० ओहम असली म्हणून काय झालं? एफ कनेक्टर लावून डिशला जोडतो."

नुसत्या ओहमच्या फरकाने एवढं बिघडत नाही. वायरचे ५० आणि डिशच्या जोडणीचे ७५ यांची गाठ पडते तिथून साधारण ४ टक्के सिग्नल मागे फिरतो, बाकीचा पुढे जातो. खरी मेख वायरच्या बारीकपणात आहे. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीतून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ खाली येतात आणि या पट्ट्याच्या वरच्या टोकाला आरजी-५८ ही डिशच्या नेहमीच्या आरजी-६ वायरच्या दुपटीहून जास्त सिग्नल खाते. टीव्हीच्या साध्या अँटेनाला थोडं अंतर खपेल, डिशला २० मीटर नाही.

शिवाय एफ कनेक्टरला वेगळी पिन नसते, वायरची मधली तारच पिन. आरजी-५८ ची तार बहुधा अनेक बारीक तारांची, ती आत जाताना फुलते. जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर मी हाच उद्योग केला होता. वायरच्या बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तारेला टेकला, एलएनबीला जाणारे १३-१८ व्होल्ट शॉर्ट झाले आणि सगळेच चॅनल गेले. मी उन्हात तासभर डिश फिरवत बसलो! आरजी-६ घ्या, जाळी मागे दुमडा, पांढरा भाग कनेक्टरच्या तळाशी सपाट येऊ द्या आणि तार कडेच्या बाहेर २-३ मिलिमीटरच ठेवा.