भारतीय लायसन्स जर्मनीत बदलून घेताना: तुमचे अनुभव सांगा

मोगरा
जर्मनीत येऊन पाच महिने झाले. भारतीय लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर, एवढ्यावर गाडी चालवतेय. पत्ता नोंदवल्यापासून सहा महिने हे चालतं, पुढे नाही. ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याने कागद दिले आणि त्याला परीक्षेविना जर्मन लायसन्स मिळालं. मला मात्र लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्यायला सांगितलंय. हे पार केलेल्यांनी लिहा, विशेषतः कुठे अडलात ते.

उत्तरायण
सहकाऱ्याचं बरोबर आहे. कोणत्या देशांचं लायसन्स थेट बदलून द्यायचं याची जर्मनीची यादी आहे. जपान, दक्षिण कोरिया त्यात आहेत, भारत नाही. अमेरिकेचं तर राज्यागणिक वेगळं. काही राज्यांना सगळं माफ, काहींना फक्त लेखी परीक्षा. तुम्ही वीस वर्षं गाडी चालवताय की दोन, याला इथे किंमत नाही. लायसन्स कुठलं, एवढंच बघतात.

दुचाकीस्वार
सहा महिने उलटले की भारतीय लायसन्स बाद. मग नवशिक्यासारखं पहिल्यापासून, सक्तीचे तास वगैरे सगळं. त्यामुळे घाई करा.

उत्तरायण
अर्धंच खरं. सहा महिन्यांनंतर *चालवता* येत नाही, पण त्याच लायसन्सवर बदलीचा अर्ज करता येतो. मी चौदाव्या महिन्यात केला. भारतीय लायसन्स असल्याचा खरा फायदा हाच, की नवशिक्यांना सक्तीचे असलेले वर्ग आणि तास आपल्याला लागत नाहीत. फारशूलेत, म्हणजे इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, नाव मात्र घालावंच लागतं, कारण परीक्षेला गाडी त्यांची आणि शेजारी त्यांचाच शिक्षक. अर्जाला डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा दिवसभराचा कोर्स, फोटो, भाषांतर आणि मूळ लायसन्स.

लेखी इंग्रजीत देता येते. ३० प्रश्न, चुकांचे १० गुणांपर्यंत चालतात. पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १०च असली तरी नापास. मी तसाच पडलो. दोन्ही प्रश्न आधी कोण जाणार याचे होते.

शेवंती
माझा घोळ तारखेचा. लायसन्स २०१३चं, जर्मनीत आले २०२१मध्ये. २०२२ला सुट्टीत पत्ता बदलून नवं कार्ड घेतलं, आणि भाषांतरात तीच एक तारीख उतरली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "हे तुम्ही इथे राहत असताना काढलंय, हे धरता येत नाही." नियम आहेच तसा: जर्मनीत राहायला आल्यावर मायदेशी जाऊन काढलेलं लायसन्स साधारणपणे मानत नाहीत. बाईंचं काही चुकलं नव्हतं, समोरचा कागदच तसं सांगत होता.

मग आरटीओकडून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट मागवला. त्यात पहिल्यांदा कधी दिलं ती २०१३ची तारीख स्पष्ट होती. त्याचं भाषांतर जोडल्यावर अर्ज पुढे सरकला. यात सात आठवडे गेले. निघण्याआधीच हा उतारा काढून ठेवा.

पाऊलवाट
मी जाताना इंटरनॅशनल परमिट काढलं होतं. ते दाखवून परीक्षा टळते का? युकेतल्या भावाचं वर्षभर काही अडलं नाही.

उत्तरायण
नाही टळत. परमिट हे लायसन्सचं भाषांतरच, बदली नव्हे. युकेत १२ महिने चालवू देतात, पण भारत त्यांच्याही बदलीच्या यादीत नाही. वर्ष संपलं की भावालाही प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून दोन्ही परीक्षा आहेत.

कडुनिंब
प्रात्यक्षिकात पहिल्यांदा नापास. गाडी अकरा वर्षं चालवतोय, म्हणून शिक्षकाबरोबर दोनच तास घेतले. ताशी तीसची वेगमर्यादा असलेल्या गल्लीत, खुणेची पाटी नसलेल्या चौकात, उजवीकडून गाडी येत होती. माझा रस्ता रुंद, म्हणून मी सरळ निघालो. शिक्षकाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि परीक्षा तिथेच संपली. पाटी नसेल तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, रस्ता रुंद की अरुंद याचा संबंध नाही. आपण डावीकडून चालवणारे, नजर सवयीने भलतीकडेच जाते.

दुसऱ्या वेळी आठ तास घेतले. शिक्षक एकच घोकायचा: वळताना मान फिरवून खांद्यावरून बघ. आरशात पाहिलं तरी मान हलली नाही तर परीक्षक बघितलं नाही असं धरतो. सायकलवाला तिथेच लपलेला असतो, हे एकदा बघितलं आणि मग पटलं.

मोगरा
ऑटोमॅटिकवर दिली तर सोपं जाईल ना?

कडुनिंब
सोपं जातं, पण माझ्या मित्राच्या लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिक अशी नोंद पडली. भाड्याने मॅन्युअल मिळाली की तो चावी बायकोकडे देतो.

शेवंती
आणि नवं कार्ड हातात देताना भारतीय लायसन्स काढून घेतात. माझं घेतलं. गावी गेल्यावर तिथे काय दाखवता, ते कुणी लिहील का?