मदत हवी आहे: फिटनेस बँडचं खातं बाबांच्या बंद झालेल्या ऑफिस मेलवर आहे, जुन्या नोंदी कशा वाचवायच्या?

मृणाल_प्रतापनगर
नमस्कार मंडळी. बाबांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून ते बँड घालतात आणि रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातात. रेस्टिंग हार्ट रेट, चालणं, झोप असं सगळं बँडच्या अ‍ॅपमध्ये साठलं आहे. खातं त्यांच्या ऑफिसच्या मेलवर उघडलेलं होतं. ते निवृत्त झाले आणि ऑफिसने तो मेल बंद केला.

आता नवीन फोन घेतलाय. पासवर्ड बरोबर आहे, पण फोन नवा म्हणून अ‍ॅप सहा अंकी कोड मागतं आणि तो कोड त्याच बंद मेलवर जातो. जुन्या फोनवर अ‍ॅप अजून लॉगिन आहे, मात्र तो पडल्यामुळे स्क्रीनचा खालचा अर्धा भाग टच घेत नाही. कस्टमर केअरचं एकच उत्तर: "नोंदणीकृत मेलवरून लिहा."

डॉक्टरांनी मध्यंतरी मेटोप्रोलॉलचा डोस वाढवला. पुढच्या भेटीत डोस वाढवण्याआधीचा आणि नंतरचा ग्राफ दाखवा म्हणाले आहेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय. जुन्या फोनवर एकदा लॉग आउट करून परत लॉगिन करून बघू का?

वऱ्हाडी_रवी
अवं ताई, एवढं काहून घाबरता? नवीन फोनवर नवीन खातं काढा अन् बँड त्याला जोडून टाका. माहिती बँडमधेच राहते ना, आपोआप उतरते.

अनिरुद्ध_धरमपेठ
मृणाल, लॉग आउट अजिबात करू नकोस. बरीचशी अ‍ॅप्स लॉग आउट करताना फोनमधली साठवलेली प्रत पुसतात. मग त्या फोनवरही कोड मागतील आणि आत जायचा एकमेव दरवाजा बंद होईल. अ‍ॅप काढणं, "डेटा साफ करा" दाबणं, फोन रिसेट करणं हेही टाळ.

रवीभाऊ, बँडमध्ये माहिती असते हे खरं, पण ती थोड्याच दिवसांची. फोनला पाठवली की जुनी पुसत जाते. शिवाय नव्या खात्याला जोडताना बहुतेक बँड आधी स्वतःला रिसेट करतात. म्हणजे उरलेलं होतं तेही जायचं.

आता जुन्या फोनचं. एक ओटीजी अडॅप्टर घे आणि साधा यूएसबी माऊस लाव. स्क्रीनवर बाण दिसतो, टच नसलेल्या भागातही क्लिक होतं. मग फोन फ्लाइट मोडवर टाक, वायफाय बंद आहे ना बघ आणि अ‍ॅपमध्ये पाच-सहा महिने मागच्या एखाद्या तारखेचा हार्ट रेट उघड. ग्राफ दिसला तर त्याची प्रत फोनमध्येच आहे. नुसतं चक्र फिरत राहिलं तर तो भाग कंपनीच्या सर्व्हरवर आहे. काय दिसतं ते इथे सांग, पुढचं त्यावर ठरेल.

शशांक_के
माझं पण असंच झालं होतं! रोज दहा हजार पावलं चालायचो आणि अ‍ॅप सहा हजारच दाखवायचं. बॅटरी सेव्हर बंद केल्यावर ठीक झालं. तुम्हीही बॅटरी सेव्हर बघा.

अनिरुद्ध_धरमपेठ
शशांक, तुमचा सिंकचा प्रश्न होता. इथे खातंच हातात नाही.

वैशाली_मनीषनगर
कायदा तुमच्या बाजूने आहे. 2011 च्या आयटी नियमांत आरोग्याची माहिती संवेदनशील धरली आहे आणि ती आपल्याला पाहता येते. तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्यांनी एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. द्यावीच लागेल त्यांना.

अनिरुद्ध_धरमपेठ
लिहायलाच हवं, पण "द्यावीच लागेल" इतकं सरळ नाही. उद्या कोणीही म्हणेल की हे खातं माझं आहे. कंपनीकडे ओळख म्हणून तो मेलच आहे. म्हणून पहिल्याच पत्रात बँडचा अनुक्रमांक, खरेदीचं बिल, अ‍ॅपमध्ये भरलेली जन्मतारीख आणि जुन्या फोनवरच्या प्रोफाइल पानाचा फोटो जोडा. पत्र बाबांच्या नावाने जाऊ दे.

याहून जवळचा रस्ता ऑफिसचाच आहे. मेलचा पत्ता ज्या डोमेनवर आहे ते डोमेन त्यांचं, त्यामुळे त्यांच्या आयटी विभागाला तो पत्ता एका दिवसासाठी दुसऱ्या पेटीकडे वळवता येतो. जुनी पेटी, जुने मेल काहीच परत नको, फक्त नव्याने येणारा कोड हवा. अर्जात नेमकं हेच लिहा. "मेल सुरू करून द्या" म्हटलं की ते नाहीच म्हणतात.

मृणाल_प्रतापनगर
बर्डीवरून अडॅप्टर आणला, माऊस चालला! फ्लाइट मोडमध्ये रोजची सरासरी दिसते, अगदी सुरुवातीपासूनची. पण एखादा दिवस उघडला तर मिनिटामिनिटाचा ग्राफ हल्लीच्या दिवसांचाच येतो, मागचे रिकामे. सेटिंगमध्ये "मेल बदला" आहे, पण ते आधी जुन्या मेलवर कोड पाठवतं. "माझी माहिती निर्यात करा" असंही आहे. ते दाबू का?

अनिरुद्ध_धरमपेठ
दाबण्याआधी फाईल कुठे जाणार ते वाच. बऱ्याच अ‍ॅप्समध्ये डाउनलोडची लिंक नोंदणीकृत मेलवरच येते आणि थोड्या दिवसांत निकामी होते. ऑफिसने पत्ता वळवून दिला की दोन्ही कामं त्याच दिवशी कर: आधी खात्याचा मेल बदल, मग निर्यात. तोवर थांब.

रोजची सरासरी हातात आहे, तिचे आत्ताच महिनावार स्क्रीनशॉट घे आणि फोनबाहेर ठेव. मिनिटांचा ग्राफ मात्र सर्व्हरवरूनच मिळेल.

नीता_फार्मसी
डॉक्टरांना मिनिटांचा ग्राफ बहुधा लागणारही नाही. मेटोप्रोलॉलने हृदयाचे ठोके कमी होतात, त्यांना बघायचं असेल ते डोस वाढवल्यावर विश्रांतीतले ठोके कितीने उतरले ते. रोजची सरासरी त्यासाठी पुरते. डोस कोणत्या तारखेला वाढवला ते स्क्रीनशॉटवर लिहा, आणि बाबांना ताप आला होता किंवा गोळी चुकली होती ते दिवसही खूण करून ठेवा. घरी बीपी मशीनवर नाडीचे आकडे लिहिले असतील तर तेही न्या, मनगटावरचा बँड चालताना चुकतो.

वऱ्हाडी_रवी
बरं झालं बापा, माझं ऐकलं नाही. पण मग हेल्थ कनेक्ट कशाला असते? ते चालू केलं तर सगळं तिकडे जाते ना?

अनिरुद्ध_धरमपेठ
चालू करायला हरकत नाही. ते फोनमध्येच साठवतं आणि अ‍ॅप काढलं तरी तिथलं राहतं. पण पुष्कळ अ‍ॅप्स जोडल्या दिवसापासूनचंच तिकडे लिहितात, मागचं नाही. आणि वाचणाऱ्या नव्या अ‍ॅपला वेगळी परवानगी दिली नाही तर आधीच्या 30 दिवसांचंच दिसतं. पुढच्यासाठी चांगलं, मृणालच्या जुन्या वर्षासाठी नाही.

मृणाल_प्रतापनगर
नीताताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. डोसची तारीख फाईलमध्ये सापडली. त्या आधीच्या आठवड्यात ठोके 78 ते 81 होते, नंतर 68 च्या आसपास आले. बीपी मशीनची वही आईने ठेवली आहे, तीही नेते.

ऑफिसमध्ये बाबा स्वतः जाऊन आले. आयटीवाले म्हणतात पत्ता वळवता येतो, पण विभागप्रमुखांची सही लागेल आणि ते बाहेरगावी आहेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही अनिरुद्धदादांनी सांगितलं तसं पत्र धाडलं, पोच आली, उत्तर नाही. एक विचारायचं राहिलं: निवृत्तांचे पत्ते ऑफिसने नव्या माणसाला दिले तर त्याला बाबांच्या खात्यात शिरता येईल का?

अनिरुद्ध_धरमपेठ
येईल. पासवर्ड विसरलो म्हटलं की कोड त्याच्याकडे जाईल. म्हणून मेल बदलेपर्यंत अर्जात अजून एक ओळ टाक: हा पत्ता दुसऱ्या कोणाला देऊ नये.