मदत हवी आहे: कोणत्या स्लाइडला छायाचित्र, कोणत्या स्लाइडला आयकॉन आणि कुठे नुसता मजकूर?

बोरू: पंपांच्या देखभालीवर सादरीकरण करायचे आहे. काही स्लाइडांवर छायाचित्रे आणि काहींवर आयकॉन टाकले, तरीही सगळे विस्कळीत दिसते. कशाला काय द्यावे, हे कृपया लवकर सांगावे.

चौकट: तुम्ही समोर उभे राहून बोलणार आहात, की फाइल पाठवणार आहात? स्लाइडांवर नेमके काय आहे?

निळाई: प्रत्येक स्लाइडवर पूर्ण आकाराचे छायाचित्र घ्यावे आणि मजकूर त्यावरच पांढऱ्या अक्षरांत लिहावा. चित्र शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहते.

बोरू: प्रोजेक्टरवर, दिवे चालू असताना बोलणार आहे. तीन स्लाइडांवर अडलो आहे: झिजलेले बेअरिंग; आवाज, तापमान, कंपन आणि गळती या चार तपासण्या; आणि ‘बेअरिंग आताच बदलायचे की पंप नियोजित वेळी बंद होईपर्यंत थांबायचे?’ हा प्रश्न. प्रश्नामागे हस्तांदोलनाचे छायाचित्र आहे.

वाटसरू: छायाचित्रांमुळे फाइल जड होते. माझी फाइल Compress Pictures वापरल्यावर बरीच हलकी झाली.

चौकट: अडचण फाइलच्या आकाराची नाही. चित्र काढून टाकल्यावर श्रोत्याला काही कळेनासे होते का, एवढेच प्रत्येक स्लाइडला विचारावे. बेअरिंगच्या धावपट्टीवरचे खड्डे शब्दांत सांगून कळत नाहीत, म्हणून तिथे तुमच्याच पंपातल्या बेअरिंगचे जवळून घेतलेले छायाचित्र हवे, शेजारी मापपट्टी ठेवावी आणि खड्ड्याकडे एक बाण दाखवावा. हस्तांदोलन काढले तर काहीच हरवत नाही; उलट श्रोते प्रश्न सोडून चित्र पाहतात. तो प्रश्न एकरंगी पार्श्वभूमीवर एकटाच ठेवावा.

निळाईताई, लक्षात राहण्याचा मुद्दा खरा आहे, पण चित्र आशयाशी जुळत असेल तरच. शिवाय छायाचित्राचा एक कोपरा उजळ आणि दुसरा गडद असतो, त्यामुळे एकाच ओळीतली काही अक्षरे दिसतात, काही बुडतात. वेब सुगम्यतेच्या निकषांत मोठ्या अक्षरांसाठीही अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ३:१ तफावत मागितली आहे, आणि उजेडात प्रोजेक्टरचा काळा रंग करडा पडत असल्याने पडद्यावर ती आणखी घटते.

निळाई: छायाचित्रावर काळा अर्धपारदर्शक थर दिला की अक्षरे दिसतात.

चौकट: दिसतात, पण तोच थर बेअरिंगवर दिला तर खड्डे झाकले जातील. चार तपासण्या समान दर्जाच्या आहेत आणि पुढेही येणार आहेत, म्हणून तिथे आयकॉन शोभतील. मात्र चारही एकाच संचातले, सारख्या जाडीच्या रेषांचे असावेत आणि पुढच्या स्लाइडांवर त्याच अर्थाने यावेत. नाव झाकून सहकाऱ्याला अर्थ विचारावा.

बोरू: विचारले. तापमान आणि गळती ओळखता आली, पण कंपनाचा आयकॉन त्याला वाजणारा फोन वाटला.

चौकट: मग चारही ठिकाणी नुसते शब्द ठेवावेत. एकालाच वगळले तर ती तपासणी दुय्यम वाटेल.

निळाई: मला हे पटत नाही. खाली नाव असेल, तर पहिल्यांदा अर्थ लागला नाही तरी पुढच्या स्लाइडांवर तोच आयकॉन ओळखीचा होतो.