पुट आणि कव्हर्ड कॉल: भागायचं कशाने?

> "पुट विकून वर्षाला 25 टक्के पडतात, कव्हर्ड कॉलवर 31. मग पुट विकायचेच कशाला?"

दोन्हीकडे स्ट्राइक आणि मुदत एकच धरून बघा. शेअर 100 वर, स्ट्राइक 100, मुदत 30 दिवस, मध्ये डिव्हिडंड नाही. पुटचा प्रीमियम 2, कॉलचा 2.50. पुटसाठी 100 बाजूला ठेवायचे, त्यातले 2 प्रीमियमचे, म्हणजे तुमचे अडकले 98. कव्हर्ड कॉलमध्ये 97.50. परतावा 2.04 आणि 2.56 टक्के, वार्षिक केला की तुमचेच 25 आणि 31.

पण पुटमागचे 100 महिनाभर नुसते पडून नसतात. 6 टक्के व्याजाने त्यांचे साधारण 0.50 येतात. ते धरले की पुटचेही 98 वर 2.50, म्हणजे वर्षाला 31 टक्केच. शेअर 90 वर आला, तर दोन्हीकडे तोटा 7.50. कॉलच्या जादा प्रीमियममध्ये तेच व्याज दडलेलं असतं. त्यामुळे ब्रोकर त्या रकमेवर व्याज देत नसेल, तर मात्र पुट खरंच मागे पडतो.

आकडे बिघडतात ते भाजकामुळे. पुटला फक्त मार्जिनने भागलं की परतावा फुगतो, पण मग ते कॅश-सिक्युअर्ड राहिलंच कुठे! कॉलच्या बाजूला लोक शेअरची जुनी खरेदी किंमत, समजा 70, घेतात. आज विकला तर 100 हातात येतील, म्हणून अडकलेलं भांडवल आजच्या भावानेच मोजायचं.

आणि हे 31 टक्के शेअर 100 च्या खाली न जाता दर महिन्याला हाच प्रीमियम मिळाला, तरच.