शाळेत सिस्टर पाळीबद्दल बोलायला आल्या होत्या का? अनुभव सांगा

लेक सातवीत आहे. परवा उपकेंद्राच्या सिस्टर शाळेत पाळीवर बोलून गेल्या. आमच्या वेळी मुलग्यांना मैदानावर पिटाळून पाच मिनिटांत उरकलं होतं. तुमच्याकडे काय सांगितलं, काय राहून गेलं?

शाळांत जाणारी सिस्टर: मी आधी वाटी आणि चहाचा चमचा काढते. एका पाळीत किती रक्त जातं विचारलं की मुली म्हणतात, तांब्याभर! मग कुंकवाचं पाणी चमच्याने वाटीत घालते. सहा-आठ चमच्यांवर थांबते. सोळाच्या वर गेलं तर जास्त. पण घरी चमच्याने कोण मोजणार? म्हणून सांगते, पॅड तासा-दोन तासांत पूर्ण भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल तर दवाखाना गाठा. नववीतली एक मुलगी मागे थांबली. रात्री दोनदा उठून बदलते म्हणाली, आणि आई म्हणते वाईट रक्त आहे, जाऊ दे. वाईट कसलं, अंगातलंच ते. पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन 7.8 निघालं. शाळेतली आठवड्याची लोहाची निळी गोळी तिला पुरणार नव्हती, डॉक्टरांनी रोजची सुरू केली.

कोकणातली काकू: आम्ही जन्मभर कपडाच वापरला, काही झालं नाही. उकळत्या पाण्यात टाकायचा, डाग आणि जंतू दोन्ही जातात. आतूनही जंतुनाशकाने धुवावं.

शाळांत जाणारी सिस्टर: कपड्याला माझा विरोध नाही काकू. पण आधी गार पाणी, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, मग कडक ऊन. आतून मात्र काही घालू नका. तिथले उपयोगाचे जंतू मरतात आणि खाज सुरू होते.

चाळकरी: ऊन म्हणे! गॅलरीत दोरी एकच आणि समोर सासरे पेपर वाचत. परकराखाली वाळत घालते, पावसाळ्यात कुबट वास येतो.

शाळांत जाणारी सिस्टर: जाड परकराऐवजी पातळ ओढणी टाका, वारा लागतो. पावसाळ्यात इस्त्री फिरवा. दमट कपडा वापरूच नका.

एका मुलीचा बाबा: विषय सोडून विचारतोय. मुलीला पहिली पाळी आली, नंतर दोन महिने नाहीच. पोटात साठत असेल का?

शाळांत जाणारी सिस्टर: नाही हो, साठत नाही. पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होते. तीन महिने उलटले तर दाखवा.

बारावीवाली: आमच्या सिस्टर म्हणाल्या, पाळीत लोणच्याला हात लावून पाहा. लावला, आणि खरंच बुरशी आली! आता आई ऐकत नाही.

चाळकरी: चमचा ओला होता का? तेलाचा थर वर होता का?

बारावीवाली: चमचा धुऊन तसाच घातला होता. पण आईला ते पटत नाहीये.

झेडपी शिक्षिका: बोलणं होतं छान, पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठे? मुली संडासात टाकतात, तो तुंबतो. कागदात गुंडाळून डब्यात टाका सांगितलं, तर डबा रोज उचलायला शिपाई तयार नाही. कुणी मार्ग काढलाय का?